एकाच आकृतीतून चांदणीची लादी आणि मुकर्नसचा घुमट: कंपास-पट्टीची सविस्तर कृती

इराणमधल्या वरामीन गावी इमामजादा याह्या नावाचा दर्गा आहे. त्याच्या भिंतींवर १२६२ च्या सुमारास बसवलेल्या चकाकत्या लाद्या आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेल्या आहेत. त्यांत दोनच आकार आहेत: आठ टोकांची चांदणी आणि टोकदार हातांचा क्रूस. चांदण्या शेजारी शेजारी टोकाला टोक लावून बसतात आणि चार चांदण्यांमध्ये उरलेली जागा क्रूस भरून काढतो. चांदणीची लादी साधारण ३१ सेंटिमीटर रुंद असते.

हीच चांदणी जमिनीवर आडवी ठेवून तिच्या कडांवर ठरावीक वक्राच्या फळ्या उभ्या केल्या, तर मुकर्नसचा पहिला थर तयार होतो. मुकर्नस म्हणजे घुमटाच्या किंवा कमानीच्या पोटात एकावर एक पुढे येत गेलेल्या छोट्या कोनाड्यांची रचना. ग्रॅनडाच्या अलहंब्रा राजवाड्यात आणि इस्फहानच्या मशिदींत ती पाहताना डोळा चक्रावतो, कारण खालून बघताना कोणता भाग पुढे आहे आणि कोणता मागे, हेच कळत नाही. आराखड्यात मात्र ती सपाट लादीइतकी सरळ असते. ज्यातले कोन ४५ अंशांच्या पटीत असतात असा मुकर्नस बहुतेक चौरस आणि ४५ अंशांचा समभुज चौकोन या दोनच आकारांवर उभा असतो.

खाली दोन्ही कामे एकाच आकृतीतून करून दाखवली आहेत. आधी ९० × ९० सेंटिमीटरचा नऊ चांदण्यांचा पट, मग त्यातल्याच एका चांदणीवर उभा राहणारा पुठ्ठ्याचा छोटा मुकर्नस घुमट. घुमटाची मांडणी मी सरावासाठी केलेली आहे, कोणत्याही एका इमारतीची ती नक्कल नाही.

हत्यारे

शाळेच्या पेटीतला कंपास पटाच्या मोठ्या वर्तुळांना पुरत नाही. १५ सेंटिमीटर त्रिज्येला त्याचे पाय इतके फाकतात की टोक कागदावर तिरपे बसते आणि वर्तुळ बंद होताना रेषा जुळत नाही. लाकडी पट्टीच्या एका टोकाला बारीक खिळा ठोका आणि १५ सेंटिमीटरवर पेन्सिलीपुरते भोक पाडा, की उत्तम कंपास झाला. दोरी वापरू नका, ती ताणली जाते. शिवाय एक डिव्हायडर, मीटरभर लांबीची सरळ धातूची पट्टी, 2H पेन्सिल, आणि कागदावर शाई न लावता नुसता ओरखडा उमटवणारी बोथट सुई.

सुई का लागते, हे सांगायला हवे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सुमारे साडेएकोणतीस मीटर लांबीची नकाशांची एक गुंडाळी जपून ठेवली आहे. तीत ११४ आकृत्या आहेत. शाईच्या रेषांच्या खाली कागदात नुसत्या ओरखड्याने काढलेल्या रेषांचे जाळे आहे, आणि ते प्रकाश तिरपा पडला तरच दिसते. रचना तिथे ठरते, शाई नंतर येते. आपल्याकडे आग्र्याला राहणाऱ्या हँकिन नावाच्या जंतुशास्त्रज्ञाला फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामखान्यात नक्षीच्या गिलाव्यावर असेच पुसट ओरखडे सापडले. त्यावरून त्याने ओळखले की कारागीर आधी एकमेकांना चिकटलेल्या बहुभुजांचे जाळे आखत आणि त्यांच्या कडांच्या मध्यांतून नक्षीच्या रेषा नेत. हे निरीक्षण भारतीय पुरातत्त्व खात्याने १९२५ साली छापले. आपणही याच रीतीने जाणार आहोत. जाळे सुईने, नक्षी पेन्सिलीने.

नऊ चांदण्यांचा पट

सुरुवात बाहेरून करा. एका चांदणीपासून सुरू करून बाजूला वाढत जाण्याचा मोह होतो, आणि तिथेच काम बिघडते. प्रत्येक घरात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर तिसऱ्या घरापर्यंत ती दीड मिलिमीटर होते आणि कडेची लादी बसत नाही. मोठ्यातून लहानाकडे येताना चूक वाढत नाही, वाटली जाते.

कागदाच्या खालच्या बाजूला ९० सेंटिमीटरची रेषा घ्या. दोन्ही टोकांवर कंपासने लंब उभारा. त्यासाठी रेषा टोकापलीकडे थोडी वाढवा, टोकापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा करा, त्या खुणांवरून मोठ्या त्रिज्येचे कंस काढा आणि छेदबिंदू टोकाला जोडा. लंबांवर ९० सेंटिमीटर घेऊन चौरस पूर्ण करा. आता दोन्ही कर्ण मोजा. दोघांतला फरक १ मिलिमीटरहून जास्त असेल तर पुढे जाऊ नका, लंब पुन्हा काढा. इथे वाचवलेली पाच मिनिटे पुढे दोन तास खातात.

चारही बाजूंवर ३०-३० सेंटिमीटरच्या खुणा करा, पण पट्टी उचलून तीनदा न मोजता एकाच टोकापासून ३० आणि ६० वाचा. समोरासमोरच्या खुणा सुईने जोडल्या की नऊ घरे तयार. प्रत्येक घराच्या बाजूंचे मध्य डिव्हायडरने शोधा आणि घरांचे कर्ण सुईने ओढा. हे कर्ण पटभर सलग जातात, प्रत्येक घरासाठी वेगळे काढायचे नाहीत.

आता चार कोपऱ्यांतल्या घरांत, कर्ण जिथे छेदतात त्या केंद्रावर खिळा ठेवून १५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुईने काढा. हे वर्तुळ घराच्या चारही बाजूंना त्यांच्या मध्यावर स्पर्श करेल आणि दोन कर्णांना चार ठिकाणी छेदेल. एका वर्तुळावर असे आठ बिंदू मिळाले: चार बाजूंच्या मध्यांवर, चार कर्णांवर. चांदणीची आठ टोके तीच. आठ बिंदू खरेच सारख्या अंतरावर आहेत का, हे बघायला डिव्हायडरमध्ये दोन शेजारच्या बिंदूंतले अंतर पकडा आणि वर्तुळावर आठ पावले चाला. आठवे पाऊल पहिल्या बिंदूवरच पडले पाहिजे.

पुढचे काम फक्त लांब रेषांचे आहे. डावीकडच्या आणि उजवीकडच्या घरांत कर्णावर मिळालेल्या बिंदूंमधून आडव्या रेषा पटभर ओढा, वरच्या आणि खालच्या घरांवरून तशाच उभ्या रेषा. मधल्या ओळीला आणि मधल्या रांगेला कोपऱ्याचे घर नसते, म्हणून तिच्या दोन टोकांच्या घरांतही वर्तुळे काढून घ्या. अशा सहा आडव्या आणि सहा उभ्या रेषा होतील. मग घरांच्या बाजूंचे मध्य तिरपे जोडा. या तिरप्या रेषाही एका घरातून दुसऱ्यात न मोडता सरळ जातात, एका दिशेला सहा आणि दुसऱ्या दिशेला सहा. एकूण २४ रेषांत अख्खा पट आखून झाला.

मधल्या घरात आपण अजून वर्तुळ काढलेले नाही, ते मुद्दाम राखून ठेवलेले आहे. आता ते काढा. दुरून आलेल्या आडव्या-उभ्या रेषा जर त्या वर्तुळाला नेमक्या कर्णावरच छेदत असतील तर पट बरोबर आहे. रेषा एका बाजूला सरकलेली दिसली तर ज्या कडेकडून ती आली त्या घराचे केंद्र तपासा. चूक बहुधा खिळ्याच्या भोकात असते. खिळा दोनदा त्याच जागी ठेवला की भोक रुंदावते. केंद्रावर आधी छोटा चिकटपट्टीचा तुकडा लावला तर भोक टिकते.

जाळे तयार झाल्यावर पेन्सिल घ्या. प्रत्येक घरात दोन चौरस एकमेकांवर ४५ अंशांत फिरलेले दिसतील. त्यांची फक्त बाहेरची कड गडद करा: १६ छोट्या बाजू, आठ टोके, आठ खाचा. चांदणीच्या आतले रेषांचे आठ तुकडे आणि क्रूसाच्या पोटातले चार तुकडे कोरेच सोडा. पटात नऊ पूर्ण चांदण्या, चार पूर्ण क्रूस, कडेला आठ अर्धे आणि कोपऱ्यांत चार पाव क्रूस मिळतील.

आता एक माप लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर चालते. चांदणीची प्रत्येक बाजू, म्हणजे टोकापासून खाचेपर्यंतचे अंतर, ६.२१ सेंटिमीटर असते. क्रूसाच्याही १६ बाजू तेवढ्याच. डिव्हायडरमध्ये एक बाजू पकडून सगळ्या पटावर फिरवा. जिथे टोक पुढे-मागे पडेल तिथे रेषा चुकली आहे. आकडेमोड करून घराच्या केंद्रापासून आडव्या-उभ्या १०.६ सेंटिमीटरवर खुणा करणारे बरेच जण असतात. सोपे वाटते खरे, पण खरा आकडा १०.६०६६ आहे आणि कुणी तो १०.५ धरला की चांदणीच्या बाजू लहान-मोठ्या होतात. कंपास हा गोंधळ होऊच देत नाही, कारण तो आकडा वाचतच नाही.

कागदावरून लादीवर

या नक्षीत लादीच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे. चांदणीची टोके ९० अंशांची आहेत, म्हणून ती भट्टीत आणि हातात टिकतात. एक बिंदू सोडून दुसरा जोडण्याऐवजी दोन सोडून तिसरा जोडला तर चांदणी अधिक तरतरीत दिसते, पण तिची टोके ४५ अंशांची होतात आणि मातीत ती मोडतात. तशी चांदणी हवी असेल तर ती एकसंध लादी म्हणून करू नये, रंगीत तुकडे कापून जुळवावी.

सांध्यासाठी जागा सोडताना अनेक जण आकृती थोडी लहान करून छापतात. तसे केले की क्रूसाच्या हातांच्या टोकांपाशी सांधा रुंद आणि हातांच्या बाजूंना अरुंद होतो. २ मिलिमीटरचा सांधा हवा असेल तर प्रत्येक कडेला आतून १ मिलिमीटरवर समांतर रेषा काढा आणि साचा त्या रेषेवर कापा.

माती सुकताना आणि भाजताना आकसते, आणि किती आकसते ते मातीवर अवलंबून असते. म्हणून आधी त्याच मातीची एक पट्टी करा, ओली असताना तिच्यावर नेमक्या १० सेंटिमीटरच्या दोन खुणा करा आणि भाजून झाल्यावर अंतर मोजा. ते ९.२ आले तर आकसणे ८ टक्के आहे. मग साच्यासाठी १५ सेंटिमीटरची त्रिज्या ०.९२ ने भागून १६.३ घ्या आणि चांदणी नव्याने काढा. सांध्याचा १ मिलिमीटरही त्याच प्रमाणात वाढवा. चांदण्या दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून सावकाश सुकवा, नाहीतर आठही टोके वर उचलली जातात.

रंगाचा अंदाज घेताना एवढे पुरे: पटाच्या १०० भागांत चांदण्या साधारण ५८.६ आणि क्रूस ४१.४ भाग व्यापतात.

चांदणी उभी राहते

आता पटातले एकच घर वेगळ्या कागदावर काढा, तेच १५ सेंटिमीटरचे वर्तुळ आणि तीच चांदणी. चांदणीच्या प्रत्येक टोकावर वर्तुळाला स्पर्शिका काढा, म्हणजे केंद्रातून त्या टोकाकडे येणाऱ्या रेषेला लंब. आठ स्पर्शिका मिळून एक सम अष्टकोन होतो. त्याची प्रत्येक बाजू १२.४३ सेंटिमीटर, म्हणजे चांदणीच्या बाजूच्या बरोबर दुप्पट, आणि टोक तिच्या मध्यावर येते. हा अष्टकोन आपल्या घुमटाची भिंत.

भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्यात, दोन टोके आणि एक खाच यांच्यामध्ये, एक समभुज चौकोन आपोआप तयार झालेला दिसेल. असे आठ. त्याच्या चारही बाजू ६.२१ सेंटिमीटर, आणि भिंतीच्या कोपऱ्यातला कोन १३५ अंश.

आता चांदणीच्या पोटात या. डिव्हायडरमध्ये चांदणीची एक बाजू पकडा आणि केंद्रावरून त्या त्रिज्येचे छोटे वर्तुळ काढा. केंद्रापासून टोकांकडे जाणाऱ्या आठ रेषांना ते जिथे छेदते ते आठ आतले बिंदू. प्रत्येक आतला बिंदू आपल्या समोरच्या टोकाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांना जोडा. टोक, खाच, आतला बिंदू, खाच असा नेमका चौरस मिळेल. शेवटी आतले बिंदू केंद्राला जोडा. केंद्राभोवती ४५ अंशांचे आठ समभुज चौकोन उमलतील, त्यांची लांब टोके खाचांवर.

मोजून घ्या: बाहेर आठ समभुज चौकोन, मध्ये आठ चौरस, आत आठ समभुज चौकोन. २४ तुकड्यांत अष्टकोन पूर्ण भरला, कुठेही फट नाही, आणि सगळ्या बाजू एकाच लांबीच्या.

समरकंदचा गणिती अल-काशी याने १४२७ साली पूर्ण केलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात मुकर्नसचे पृष्ठफळ काढायची रीत दिली. तिथे तो या एका लांबीला ‘मिक्यास’, म्हणजे माप, म्हणतो. गिलावा किती लागेल आणि कारागिराला किती मोबदला द्यायचा, हे ठरवायला ही रीत उपयोगी पडे. आपणही ६.२१ सेंटिमीटरला माप म्हणू. वायव्य इराणमधल्या तख्त-ए-सुलेमान इथे १२७० च्या दशकातल्या राजवाड्याच्या अवशेषांत सुमारे ५० सेंटिमीटरची गिलाव्याची फरशी सापडली. तिच्यावर मुकर्नसचा पाव आराखडा कोरलेला आहे. त्यातही हेच चौरस आणि ४५ अंशांचे समभुज चौकोन आहेत. कारागीर असा सपाट आराखडा समोर ठेवूनच वर चढत.

सपाट आराखड्यातली उंची कशी वाचायची

आराखड्यात उंची लिहिलेली नसते, ती वाचावी लागते, आणि नवशिक्याची गाडी इथेच अडते. नियम एकच. प्रत्येक तुकड्याच्या चार बाजूंपैकी दोन आडव्या राहतात आणि दोन वर चढतात. चढणाऱ्या बाजूवर वक्र फळी उभी राहते. तिचा पाय भिंतीकडच्या टोकावर असतो, माथा केंद्राकडच्या टोकावर.

आपल्या आराखड्यात भिंतीचे कोपरे आणि चांदणीची टोके शून्य उंचीवर आहेत. खाचा आणि आतले बिंदू एका थराइतके उंच. केंद्र दोन थर उंच. म्हणजे टोकाकडून खाचेकडे जाणाऱ्या सगळ्या बाजू चढतात, आणि त्या बाजू म्हणजेच आपल्या लादीची कड. खाच ते आतला बिंदू या बाजू आडव्या राहतात, पहिला थर तिथे संपतो. आतला बिंदू ते केंद्र या आठ बाजू पुन्हा चढतात.

आता तुकडे डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा समभुज चौकोन हा खरा कोनाडा आहे: मागे भिंतीचा कोपरा, आणि त्याचे दोन पृष्ठभाग वर जात पुढे झुकून खाचेवर मिळतात. चौरसाचे उलटे असते. तो खाली टोकाच्या एका बिंदूपासून सुरू होतो आणि वर दोन्ही बाजूंना फाकत शेजारच्या कोनाड्यांना जोडतो. त्याला जोडतुकडा म्हणू या. आतले आठ समभुज चौकोन पुन्हा कोनाडे, पण त्यांच्या पाठीचा कोन फक्त ४५ अंश, म्हणून ते अरुंद आणि खोल दिसतात.

वक्र फळीचा फर्मा

फळीचा वक्र अल-काशीने दिला आहे तसाच घेऊ. एक माप रुंद आणि दोन मापे उंच असा आयत काढा: आपल्यासाठी ६.२ × १२.४ सेंटिमीटर. डावी उभी बाजू भिंतीची, उजवी खोलीकडची. उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली जाणारी रेषा काढा. ही रेषा आयताच्या वरच्या बाजूशी ३० अंशांचा कोन करते. ३० अंश कंपासने मिळवायचे तर आधी समभुज त्रिकोणाने ६० अंश काढा आणि दुभागा. ही तिरपी रेषा डाव्या बाजूला जिथे मिळते त्या बिंदूला ‘वळण’ म्हणा. तिची लांबी ७.१७ सेंटिमीटर भरेल.

तिरप्या रेषेचे पाच समान भाग करा. वळणापासून दोन भाग मोजून रेषेवर खूण करा. तेच अंतर, २.८७ सेंटिमीटर, वळणापासून डाव्या बाजूवर खाली घेऊन दुसरी खूण करा. आता दोन खुणांमधले अंतर कंपासमध्ये पकडा, ते जवळपास ५ सेंटिमीटर असेल. दोन्ही खुणांवरून तेवढ्याच त्रिज्येचे कंस आयताच्या आत काढा. ते जिथे छेदतात तिथे खिळा ठेवून, कंपास न हलवता, एका खुणेपासून दुसरीपर्यंत कंस काढा. झाला वक्र: खाली सुमारे ६ सेंटिमीटर सरळ उभा पाय, मध्ये कंस, वर ३० अंशांत सरळ जाणारी रेषा.

कंस दोन्ही सरळ रेषांना न मोडता मिळतो. वळणापाशी दोन रेषांमधला कोन १२० अंशांचा आहे, म्हणून त्यांना स्पर्श करणारा कंस केंद्राशी ६० अंशांचा असावा लागतो, आणि दोन खुणा व केंद्र मिळून समभुज त्रिकोण होतो. त्याच कारणाने त्रिज्या आणि खुणांतले अंतर सारखे येते. कंपासची एकच उघडण पुरते. तुमचा कंस सांध्यावर कुबड काढत असेल तर ३० अंशांचा कोन चुकला आहे, कंसात दुरुस्ती करत बसू नका.

फळीचा भरीव भाग वक्राच्या मागे आणि वर असतो, पोकळ भाग खोलीकडे. पायापाशी भरीव जाडी शून्य होते, म्हणून कापताना डाव्या बाजूला दीड सेंटिमीटरची जास्तीची पट्टी सोडा. ती भिंतीमागे लपते.

जुळणी

२ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या २४ सारख्या फळ्या कापा: १६ पहिल्या थरासाठी, ८ दुसऱ्यासाठी. सगळ्या एकाच फर्म्यावरून. आराखडा फळ्यांच्या बुडाशी ठेवून काम करावे, कारण पाय कुठे आहे आणि माथा कुठे पोचायचा, ही दोन्ही उत्तरे तिथेच आहेत.

पहिल्या थरात प्रत्येक टोकावर दोन फळ्यांचे पाय एकत्र येतात आणि माथे दोन बाजूंच्या खाचांवर जातात. ओळंब्याने बघा: माथ्यावरून सोडलेली दोरी आराखड्यातल्या खाचेवरच पडली पाहिजे. पुठ्ठा तिरका चिकटला असेल तर इथेच कळते. आठही खाचांवर दोन-दोन माथे मिळाले की त्यांच्यावर एक आडवी चकती बसवा. तिच्यात खाचा आणि आतले बिंदू जोडून होणारी धारदार चांदणी कापून काढलेली असावी. या कापाच्या आतल्या आठ बिंदूंवर दुसऱ्या थराच्या फळ्यांचे पाय येतात आणि माथे केंद्रावर भेटतात. आठ फळ्यांची जाडी केंद्रावर मावत नाही, म्हणून २ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला प्रत्येक माथा अडीच मिलिमीटर छाटावा किंवा दोन्ही बाजूंनी तासून अणकुचीदार करावा.

सांगाड्याची एकूण उंची चार मापे, म्हणजे जवळपास २५ सेंटिमीटर होईल, आणि समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर ३० सेंटिमीटर.

पृष्ठभाग भरताना सगळ्यात जास्त होणारी चूक माझ्याकडूनही झाली होती. पहिल्या खेपेला मी कोनाड्याच्या मागच्या घडीवर, म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यापासून खाचेपर्यंतच्या कर्णावर, तोच फर्मा लावला. आठपैकी एकही कोनाडा शेजारच्या चौरसाशी जुळला नाही, आणि सांगाडा उसवून पुन्हा बांधावा लागला. फर्मा फक्त बाजूंवर चालतो. कर्णाची लांबी वेगळी असते: बाहेरच्या कोनाड्यात ४.७६ सेंटिमीटर, चौरसात ८.७९, आतल्या कोनाड्यात ११.४८. उंची मात्र तीच, १२.४. म्हणून कर्णावरचा वक्र प्रत्येक वेळी नव्याने काढावा लागतो.

तो काढायची रीत अशी. फर्म्यावर पायापासून माथ्यापर्यंत दर दोन सेंटिमीटरवर आडवी रेषा मारा आणि प्रत्येक रेषेवर वक्र डाव्या बाजूपासून किती पुढे आला आहे ते डिव्हायडरने घ्या. समजा एका उंचीवर तो रुंदीच्या निम्मा पुढे आला आहे. मग चौरसाच्या कर्णावर त्याच उंचीला ८.७९ चा निम्मा, म्हणजे ४.४ सेंटिमीटर पुढे खूण करा. अशा सहा-सात खुणा मऊ हाताने जोडल्या की कर्णाचा वक्र मिळतो. चौरसात तो ताणलेला दिसेल, बाहेरच्या कोनाड्यात दबलेला. त्या वक्राची पातळ पट्टी कर्णावर बसवली की पृष्ठभागाला टेकू मिळतो.

प्रत्येक पृष्ठभाग एकाच दिशेने वाकतो, म्हणून जाड कागद सुरकुती न पडता बसतो. कागदावर आडवी पट्टी धरून बघा: ती त्या तुकड्याच्या आडव्या बाजूला समांतर धरली तर पूर्ण टेकली पाहिजे. मध्ये उजेड दिसला तर कर्णाची पट्टी चुकली आहे. गिलाव्यात काम करताना हीच पट्टी थापीसारखी फिरवून पृष्ठभाग साफ करता येतो.

मोठ्या कामात काय बदलते

खऱ्या इमारतीत हा घुमट सहसा भार उचलत नाही. विटांची खरी कमान वर असते आणि मुकर्नस हे गिलाव्याचे किंवा लाकडाचे कवच तिच्या पोटाला लटकवलेले असते. म्हणून थर वाढवता येतात, फर्म्याचा उभा पाय लांब किंवा आखूड करता येतो. आराखड्यावर त्याचा परिणाम होत नाही, कारण पाय सरळ उभा असतो आणि वरून तो एक बिंदूच दिसतो. अर्धा आराखडा कापला तर कमानीखालच्या अर्ध्या कोनाड्यासाठी वापरता येतो, फक्त कापणारी रेषा आठ टोकांच्या रेषेवर घ्यावी की खाचांच्या, हे आधी ठरवा. टोकांच्या रेषेवर कापले तर चौरस अर्धे होतात, खाचांच्या रेषेवर कापले तर दोन्ही प्रकारचे समभुज चौकोन अर्धे होतात.

या आकृतीचे एक भव्य रूप मराठी वाचकाला जवळच बघायला मिळते. विजापूरच्या गोल घुमटात, मुहंमद आदिलशहाच्या कबरीवर, सुमारे ४१ मीटरच्या चौरस दालनावर सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट बसवलेला आहे. तिथे मुकर्नस नाही. चौरसावरून गोलावर येण्यासाठी एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी आहेत. आराखड्यात त्या म्हणजे ४५ अंशांत फिरलेले दोन चौरस. दालनाच्या मध्यावर उभे राहून वर बघितले की आपल्या पटातल्या मधल्या घरात कोरे सोडलेले आठ तुकडे, म्हणजे चांदणीच्या पोटातला अष्टकोन, कमानींच्या छेदांतून तयार झालेला दिसतो.